शेवटचे सहा क्लास: तबल्याच्या सरांचा निरोप घेताना

बदलीची ऑर्डर १७ एप्रिलला आली. नाशिकहून चेन्नई, ९ जूनला रुजू व्हायचं. घरी त्याच संध्याकाळी सांगितलं. सामान हलवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला आणि मुलीच्या शाळेचा दाखला आठवड्याभरात काढला. तबल्याच्या सरांना मात्र मी १३ मेला सांगितलं, म्हणजे सव्वीस दिवसांनी.

कारण होतं परीक्षेचं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी प्रवेशिका पूर्णची परीक्षा होती. साडेतीन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते नऊ, ऑफिसमधून तसाच थेट जाऊन, मी इथवर पोहोचलो होतो. बदलीचं कळलं तर सरांचं माझ्या तयारीवरचं लक्ष उडेल, असं मला वाटलं. परीक्षा होऊ दे, मग शांतपणे सांगू. हा विचार मला तेव्हा समजूतदारपणाचा वाटला होता.

परीक्षा झाली आणि लगेच ६ मेच्या क्लासला सरांनी पेशकार काढला. पुढच्या परीक्षेची, मध्यमा प्रथमची, ती सुरुवात. पेशकार म्हणजे स्वतंत्र तबलावादनाचं पहिलं पान. लय अगदी संथ, बोलांना जागा भरपूर, आणि म्हणूनच हाताचा कच्चेपणा कुठेही लपत नाही. ते दोन क्लास सर माझ्याजवळ बसून एकेक बोल घासून घेत होते. तिसऱ्या क्लासला, १३ तारखेला, मी सांगितलं.

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कधी कळलं तुला?" मी तारीख सांगितली. त्यांनी माझी वही मागितली, पानं उलटली आणि शेवटच्या दोन पानांवर बोट ठेवलं. "हे मी काढलंच नसतं रे. अर्धा पेशकार घेऊन तू तिकडे काय करणार? नवीन गुरुजी त्यांचा पेशकार देतील. हे दोन क्लास तुझ्या कायद्यावर घातले असते."

मी जातोय याचं त्यांना वाईट वाटलंच. पण त्या क्षणी ते त्याबद्दल बोलत नव्हते. शिकवणाऱ्याला पुढचे किती क्लास हातात आहेत हे माहीत असेल, तर तो काय शिकवायचं हे त्यावर ठरवतो. दोन वर्षं हाताशी असतील तर तो पाया खणतो आणि तीन आठवडे असतील तर उघडं राहिलेलं बांधकाम बंद करतो. मी गप्प राहून त्यांच्याकडून ही निवडच काढून घेतली होती. बदलीचं त्याच आठवड्यात सांगितलं असतं, तर परीक्षेच्या तयारीत काही फरक पडला नसता, कारण परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेलाच असतो. फरक पडला असता तो नंतरच्या दिवसांत.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्या नंतरच्या दिवसांसाठी. १६ मे ते ३ जून, सहा क्लास. छंद म्हणून काही शिकणाऱ्या मोठ्या माणसांवर ही वेळ हमखास येते. आपण निरोप म्हटला की शाल, श्रीफळ, फोटो आणि दोन शब्द एवढाच विचार करतो. मी आधी तोच केला होता.

वहीवरच्या लाल खुणा

१६ तारखेला सरांनी मला तबल्यावर बसूच दिलं नाही. लाल पेन घेतलं आणि साडेतीन वर्षांची वही पहिल्या पानापासून तपासायला घेतली. प्रत्येक रचनेपुढे तीनपैकी एक खूण. बरोबरची खूण म्हणजे हे तुझं झालं, कुठेही वाजव. गोल म्हणजे हे इथेच पुरं करायचं. आणि आडवी रेघ म्हणजे हे सोडून दे, नव्या ठिकाणी नव्याने शीक. पेशकारावर त्यांनी दोन्ही पानं भरून आडवी रेघ मारली. मला ती बघवली नाही, पण ती बरोबर होती.

गोल फक्त तीन निघाले. त्यातला मोठा होता दिल्लीचा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची एक रचना, तबला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातून जाणारा:

धाधा तिट धाधा तूना । ताता तिट धाधा धीना

मूळ कायदा मला चांगला येत होता आणि त्याचे चार पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, तेही परीक्षेपुरते येत होते. पण परीक्षेत पाठ केलेले पलटे चालतात. कायदा पुरा झाला असं म्हणायला आपल्याआपण नवीन पलटा काढता यायला हवा, आणि तोसुद्धा कायद्यातलेच बोल वापरून, खाली-भरीची, म्हणजे तालातल्या बंद आणि खुल्या भागांची, जागा न मोडता. बाहेरचा एकही बोल आत घ्यायचा नाही. मग पुढचे दोन क्लास, २० आणि २३ मे, फक्त हेच चाललं. सर एक पलटा वाजवायचे, मी त्याच्या खालीच्या भागाचं उत्तर द्यायचो. नंतर मी काढायचो आणि ते हात वर करून थांबवायचे, "हा बोल कुठून आणलास?" दुसऱ्या क्लासला रात्री नऊ वाजता मी सलग सहा पलटे काढले. ते सहाही साधेच होते, पण माझे होते. सरांनी वहीतल्या गोलात बरोबरची खूण केली.

कोणताही क्लास सोडताना हे मागून घ्यावं असं मला आता ठामपणे वाटतं. शिक्षकांना विचारायचं, यातलं काय पुरं झालंय, काय इथेच पुरं करता येईल आणि काय सोडून द्यायचं? एरवी शेवटचे क्लास गप्पांत आणि चहात जातात, आणि मग अर्धवट राहिलेल्या चार गोष्टी वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात.

फोनमध्ये काय न्यायचं

चौथ्या क्लासला मी म्हटलं, सर, तुमचं वाजवणं रेकॉर्ड करून घेतो. ते म्हणाले, वाजवणं कशाला, पढंत घे.

पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, हातावर टाळी आणि खाली दाखवत. वाजवण्याचा व्हिडिओ पाहिला तर बोटं दिसतात, पण पडलेला आवाज नेमका कोणत्या बोलाचा, हे शिकणाऱ्याला दर वेळी ओळखता येत नाही. तबल्यात एकच आघात संदर्भाप्रमाणे वेगळ्या नावाने येतो. पढंतीत नाव, वजन आणि श्वासाची जागा, तिन्ही ऐकू येतात. सरांनी बरोबरची खूण असलेली प्रत्येक रचना आधी संथ आणि मग दुगुनीत म्हणून दिली. अठरा रचना आणि अठरा वेगळ्या फायली. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच तालाचं आणि रचनेचं नाव सांगितलं, म्हणजे पुढे शोधायला त्रास नको. एका फायलीत मागे काकूंची कुकरची शिट्टी आहे. ती मी कापलेली नाही.

हाताचे व्हिडिओ दोनच घेतले, तेही जिथे बोटांचा प्रश्न होता तिथे. एक तिट आणि एक तिरकिट. आमच्या सरांचं तिट दिल्लीच्या पद्धतीचं, आधी मधलं बोट, मग तर्जनी. म्हणून तर त्या बाजाला दोन बोटांचा बाज म्हणतात. इतर बऱ्याच ठिकाणी पहिल्या आघाताला मधलं आणि त्याच्या शेजारची बोटं मिळून पडतात. दोन्ही बरोबर, पण आवाज वेगळा आणि हाताची ठेवणही वेगळी. नवीन गुरुजींना हे पहिल्याच दिवशी दिसणार होतं.

त्यावरून मी धीर करून तो प्रश्न विचारला, जो मी बरेच दिवस टाळत होतो. "सर, तिकडे दुसऱ्या गुरुजींकडे शिकलो तर चालेल ना?"

आमचं गंडाबंधन, म्हणजे गुरूने रीतसर शिष्य करून घेणं, वगैरे काही झालेलं नाही. छंदवर्गात ते कुणाचं होतही नाही. तरीही हे विचारायला हवं होतं. न विचारता दुसरीकडे बसलो असतो तर मला सरांना फोन करताना दर वेळी अडखळायला झालं असतं, आणि माझ्या मते बहुतेकांचे जुन्या शिक्षकांशी संबंध तुटतात ते याच अडखळण्यामुळे. सरांना प्रश्नाचं बरं वाटलं. म्हणाले, "शिकायलाच हवंस. ऑनलाइन मी घेईन, पण डग्ग्यावरचं मनगट मला फोनमधून दिसणार नाही. तिथे जे कुणी मिळतील त्यांच्यासमोर बस. त्यांनी हात बदलायला सांगितला तर बदल. आणि एक लक्षात ठेव, 'आमचे सर असं सांगायचे' हे पहिलं वर्षभर तोंडातून काढायचं नाही."

मग त्यांनी नव्या गुरुजींसाठी चिठ्ठी दिली. शिफारसपत्र मला अपेक्षित होतं. ही तशी नव्हती. अर्ध्या पानात एवढंच: प्रवेशिका पूर्णपर्यंत अभ्यास झाला आहे. त्रिताल, झपताल, रूपक, एकताल ठाय-दुगुन स्वच्छ. तिट दोन बोटांचं. डावा हात उशिरा सुटला आहे, अजून लक्ष द्यावं लागेल. पढंत चांगली. लय वाढली की दम खातो. खाली सही.

शेवटचं वाक्य वाचून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "डॉक्टर बदलताना फाइल नेतोस की नाही? त्यात आजार लपवतात का?"

परीक्षेच्या कागदांचं तेव्हाच मार्गी लावलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, देशभरच्या केंद्रांवर होतात. त्यामुळे गाव बदललं तरी पायऱ्या मोडत नाहीत, मध्यमा प्रथमला दुसऱ्या केंद्रातून बसता येतं. पण पुढचा फॉर्म भरताना मागच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं, आणि माझा निकाल मी गेल्यावर लागणार होता. बॅचमधल्या एका मित्राला केंद्रावरून ते घेऊन कुरिअर करायला सांगितलं आणि सरांना त्याचं नाव कळवून ठेवलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ स्थापन केलं, आणि पलुस्करांनी उतारवयात आमच्या नाशिकलाच आश्रम काढला होता. सर हे दर नव्या विद्यार्थ्याला सांगतात. मला त्यांनी ते जाताना पुन्हा सांगितलं.

काय द्यायचं

आमच्या आठच्या बॅचमध्ये सहाजण. त्यांनी वर्गणी काढून शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह द्यायचं ठरवलं होतं. मी काकूंना सहज विचारलं, तर त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि कपाट उघडून दाखवलं. वरचा सबंध कप्पा शालींनी भरलेला, बऱ्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न निघालेल्या. "प्रेमाने देतात रे सगळे," त्या म्हणाल्या, "पण ह्यांना घालायला जागा कुठंय?"

मग मी क्लासमध्ये कशाची गरज आहे ते पाहायला लागलो, आणि उत्तर रोज समोरच होतं. लहान मुलं ज्या जोडीवर शिकतात तिच्या डग्ग्याची शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा गोल थर, उकलली होती. शाईला बारीक भेगा असतातच, त्यामुळेच ती मोकळी वाजते. पण कडेचे कण सुटायला लागले की आवाजात खरखर येते आणि घुमारा जातो. मग मुलं घुमारा यावा म्हणून जोर लावतात आणि मनगट आवळायला शिकतात. पुढे ते सोडवायला सरांचे महिने जातात. माझंच उदाहरण होतं, मी याच डग्ग्यावर शिकलो होतो.

पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलून द्यायचं ठरलं. पण दुसऱ्याच्या वाद्याला असा हात लावता येत नाही. सरांचा कारागीर ठरलेला, आणि पुडीची जाडी, शाईचा घेर यांबद्दल त्यांची मतं पक्की. काकूंकरवी विचारून घेतलं आणि त्यांच्याच माणसाकडे डग्गा दिला. इथे वेळेचा एक हिशेब लागतो तो सांगतो. नवी पुडी ओली करून ताणून बसवतात. वाळताना ती ओढ घेते आणि पुढचे काही दिवस वादी पुन्हा पुन्हा ताणावी लागते. बसवल्या दिवशी ती नीट बोलत नाही. निरोपाच्या दिवशीच असा डग्गा आणून ठेवला असता तर तो भद्द वाजला असता. आम्ही २१ मेला दिला, २६ला परत आणला, आणि ३ जूनपर्यंत तो मस्त घुमायला लागला होता. पाचवीतला एक मुलगा त्यावर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने एकदा 'घे' वाजवला आणि हात उचलून डग्ग्याकडे बघतच राहिला.

फीचं वेगळं ठेवलं. जूनमध्ये माझा एकच क्लास होता, तरी मी महिन्याची पूर्ण फी नेली. सरांनी ती घेतली नाही, एका क्लासची घेतली आणि बाकीची परत हातात दिली. मी आग्रह केला नाही. फी हा त्यांचा व्यवहार आहे, त्यात माझ्या भावना घुसवल्या तर त्यांनाच अवघड होतं. गुरुपौर्णिमेला आम्ही सगळे नारळ आणि एकशे एक रुपये ठेवतो. यंदा ती महिनाभर पुढे होती आणि मी नसणार होतो. तेवढेच, तसेच, तबल्यापुढे ठेवले. ते त्यांनी घेतले.

दोनदा लिहिलेलं पत्र

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. पहिलं असं होतं:

"आदरणीय सर, गेली साडेतीन वर्षं आपण मला जे ज्ञान दिलंत त्याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे. आपल्या मार्गदर्शनामुळे माझ्या आयुष्याला नवी दिशा मिळाली. आपले आशीर्वाद सदैव पाठीशी असू द्यावेत."

यातलं काही खोटं नाही. पण हे पत्र कुणीही कुणालाही देऊ शकतं. पोहण्याच्या प्रशिक्षकांना द्या, चित्रकलेच्या बाईंना द्या. सरांनी माझ्यासाठी नेमकं काय केलं हे त्यात कुठेच नव्हतं. मी ते बाजूला ठेवलं आणि स्वतःला विचारलं, सर नसते तर माझ्या हातात आज काय नसतं? त्याचं उत्तर लिहिलं:

"सर, नमस्कार. पहिल्या वर्षी माझं डावं मनगट डग्ग्यावर टेकतच नव्हतं. तुम्ही आठ दिवस मला उजवा हात मांडीवर ठेवायला लावलात आणि नुसता डग्गा वाजवून घेतलात. तेव्हा मला राग आला होता, आज सांगतो. नवव्या दिवशी पहिली मींड निघाली आणि तुम्ही आतून काकूंना हाक मारून ऐकवलीत. एवढ्याशा आवाजासाठी कुणाला बोलवावं असं माझ्यासाठी तोवर आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

वडील गेले त्या महिन्यात मी क्लासला यायचो आणि वाजवायचो नाही. तुम्ही काही विचारलं नाहीत. त्रितालाची पढंत म्हणायला लावायचात, तासभर. घरी जाताना पायऱ्या उतरताना मी सोळा मोजत असायचो. तेव्हा मला झोप यायला लागली ती त्या मोजण्यामुळे.

चेन्नईत आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी आठला बसेन. वेळ तीच ठेवतोय."

दुसरं पत्र मी दिलं. क्लासमध्ये वाचून दाखवलं नाही. वडिलांचा मजकूर सरांसाठी होता, बॅचसाठी नव्हता. शेवटच्या दिवशी चपला घालताना काकूंच्या हातात पाकीट ठेवलं. असं पत्र शिक्षकांना समोर वाचायला लावू नये, असं मला वाटतं. त्यांना त्या वेळी काहीतरी बोलावं लागतं आणि मग दोघांचंही अवघडतं.

पंधरावी मात्रा

पाचवा क्लास, ३० मे, सरांनी वाद्याला दिला. मला माझा तबला आजवर तेच लावून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी हातोडी माझ्याकडे दिली, हार्मोनियमवर काळी एक धरली आणि म्हणाले, लाव. आधी वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर जवळ आणायचा. गठ्ठा खाली सरकला की वादी ताणते आणि सूर चढतो. मग पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हलके ठोके देत सोळाही घरं एका सुरात आणायची, वरून ठोकलं की चढतं, खालून ठोकलं की उतरतं. एक घर लावलं की लगेच शेजारचं न घेता समोरचं घ्यायचं, म्हणजे पुडी एका बाजूला ओढली जात नाही. मला पाऊण तास लागला. सर मध्ये एकदाही हातोडीकडे हात करून आले नाहीत.

"तिकडची हवा दमट," ते म्हणाले. "कातडं ओल पितं, सूर उतरेल. उतरला म्हणून लगेच ठोकत बसू नकोस, दोन दिवस वाद्याला खोलीत राहू दे. आणि एसी चालू-बंद होत असेल त्या खोलीत ठेवू नकोस, सकाळ-संध्याकाळ वेगळा बोलेल." प्रवासासाठी उलट काळजी. मे-जूनमध्ये बंद ट्रक तापतो, कातडं वाळून ताणतं आणि आधीच चढवलेली पुडी फाटू शकते. म्हणून निघण्याआधी गठ्ठे वर सरकवून उजव्या हाताचा तबला थोडा उतरवला. सगळा सैल मात्र केला नाही, तसं केलं की पुडी जागची हलते. चुंबळी आणि हातोडी वेगळ्या बांधल्या, हातोडी तबल्याच्या पिशवीत कधीच नाही. आणि जोडी सामानाबरोबर न पाठवता रेल्वेत सोबत नेली.

३ जून, शेवटचा क्लास. बॅच सगळी आलेली. मी सरांना आधीच विचारलं होतं की भाषणाऐवजी मला एक तिहाई वाजवायची आहे, मी स्वतः बसवलेली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवणं. बोल अगदी ओळखीचे, 'तिट कत गदि गन धा', पण दमदार, म्हणजे प्रत्येक 'धा'नंतर एक मात्रा दम. त्रितालाच्या सोळा मात्रांत हिशेब सोपा आहे. तिट, कत, गदि, गन या चार मात्रा आणि पाचवीवर धा. सहावी मात्रा रिकामी. सातपासून पुन्हा, अकरावर धा. बारावी रिकामी. तेरापासून तिसऱ्यांदा, आणि सोळा संपून शेवटचा धा नेमका समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. समेवरून उचलायची, समेवर ठेवायची. सबंध आवर्तन भरतं म्हणूनच मी ती निवडली.

सरांनी हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे आवर्तन मोजून देणारी धून, धरला. मी ठेका चार आवर्तनं वाजवला, कायदा वाजवला, माझे सहा पलटे वाजवले, आणि समेवर तिहाई उचलली. पहिला धा पाचवर पडला आणि मला गळ्याशी काहीतरी आलं. मी थांबलो नाही. थांबायचं होतं तिथेच थांबलो नाही. दोन्ही दम गिळले. दुसरा धा दहावर आला, तिसरा पंधरावर. हात वर गेला तेव्हा लेहरा अजून समेपासून दोन मात्रा दूर होता.

सरांनी लेहरा बंद केला नाही. पंधरा, सोळा, आणि समेवर मान हलवली, जशी नेहमी हलवतात. मग मला म्हणाले, "दोन मात्रा आधी आलास. काय गेलं?"

"दम गेला."

"दमात हात थांबतो, मोजणं थांबत नाही. पुन्हा."

पुन्हा वाजवली. दुसऱ्यांदा तिसरा धा समेवर आला, पण मला स्वतःला कळत होतं की बाराव्या मात्रेचा दम आखूड होता आणि तेरावी मी किंचित ओढून बसवली. सरांनाही कळलं असणारच. बॅचने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, ही घरी न्यायची. नवीन डग्ग्यावरून हात फिरवत त्यांनी चहा सांगितला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसून काकूंनी केलेला शिरा खात होतो. निघताना वाकलो तेव्हा त्यांनी खांद्याला धरून उठवलं. मी "येतो" म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि वळून पेटीचा भाता बांधायला लागले. मला वाटतं त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं.

चेन्नई

इथे मृदंगमचे क्लास गल्लोगल्ली, तबल्याचे शोधावे लागतात. नवीन गुरुजी मिळायला पाच आठवडे लागले. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. "लय वाढली की दम खातो" या वाक्यावर हसले आणि पहिल्याच दिवशी बरोबर तेच तपासलं. तिट त्यांनी बदलायला सांगितलं, मी बदलतोय. 'आमचे सर' हे शब्द तोंडाशी येतात, गिळतो.

गुरुपौर्णिमेला मी ती तिहाई फोनवर रेकॉर्ड केली. लेहऱ्यासाठी ॲप लावलं, तीनदा वाजवली, तिसरी चांगली झाली. दोन्ही दम पूर्ण, शेवटचा धा समेवर. नमस्कार लिहून सरांना पाठवली. तिकडे क्लासचा कार्यक्रम असणार, उत्तर रात्री उशिरा आलं. आवाजी निरोप होता, मागे मुलांचा गलका.

"ऐकली. दम बरोबर आहेत. डग्गा उतरलाय तुझा. चढव आणि परत पाठव."